चेहरा जुळला, चकाकी जुळली नाही: ग्रुप फोटोत बसवलेला माणूस परका का दिसतो

आमच्या लातूरच्या लॅबमध्ये मे महिन्यात हे काम आठवड्यातून दोनदा तरी येतं. लग्नाचा मोठा ग्रुप फोटो झालेला असतो आणि घरातलं एक माणूस नेमकं तेव्हा हजर नसतं. रात्री स्टेजवर त्याचा फोटो निघतो, तो या ग्रुपमध्ये बसवून द्यायचा असतो. कटिंग नीट होतं, उंची जुळते, रंगही जुळतो, तरी अल्बम बघणारा पहिलं बोट त्याच माणसावर ठेवतो. बहुतेक वेळा दोष कटिंगचा नसतो. चेहऱ्यावरची चकाकी दुसऱ्या उजेडातली असते.

मागच्या मोसमातलं एक काम पूर्ण सांगतो, कारण त्यात मी दोनदा चुकलो आणि दोन्ही चुका सगळेच करतात.

वाड्याच्या पायऱ्यांवर बावीस माणसांचा ग्रुप. मावळतीला तासभर बाकी, ऊन फोटोत बघताना उजवीकडून, कललेलं आणि पिवळसर. नवरदेवाचे काका परळीहून येताना वाटेत गाडी बंद पडल्यामुळे रात्री पोचले. त्यांचा फोटो स्टेजवरचा, कॅमेऱ्यावर लावलेल्या फ्लॅशचा. दिवसभराचा प्रवास, अंगाला घाम, कपाळ आणि नाक तेलकट. मी काकांना दुसऱ्या ओळीत उभं केलं, कपाळावरची चकाकी बर्नने खाली आणली आणि प्रिंट पाठवली. संध्याकाळी नवरदेवाच्या भावाचा फोन आला: "दादा, बाकी समदं झकास हाय, पर काकाच्या कपाळाला राख लावल्यावाणी कशामुळं दिसायलंय?"

त्याचं म्हणणं शब्दश: खरं होतं. तिथे राखाडी डाग होता.

डाग का पडतो ते आधी समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चेहऱ्यावरून कॅमेऱ्यात दोन प्रकारचा उजेड येतो. एक त्वचेच्या आत शिरतो, आतल्या रक्ताचा आणि रंगद्रव्याचा रंग घेतो आणि बाहेर पडतो. त्वचेचा रंग म्हणतो तो हाच. दुसरा आत जातच नाही, तेलाच्या किंवा घामाच्या पातळ थरावरून वरच्या वर परततो. त्याला त्वचेचा रंग लागत नाही, दिव्याचा जो रंग तोच त्याचा. फ्लॅश पांढरा तर चकाकी पांढरी. हा दुसरा उजेड पहिल्यावर येऊन पडतो, म्हणजे दोघांची बेरीज होते.

काकांच्या कपाळावरचे आकडे घेऊ. पूर्ण उजेड १०० धरला, तर चकाकी नसलेल्या जागी लाल ३०, हिरवा १५ आणि निळा ९ होता. चकाकीच्या जागी फ्लॅशने तिन्हींत सारखेच ३० घातले होते, म्हणजे ६०, ४५, ३९. बर्न करताना मी ते निम्म्यावर आणलं: ३०, २२.५, १९.५. लाल बरोबर जागी आला, पण हिरवा दीडपट आणि निळा दुपटीहून जास्त राहिला. उजळपणा जुळला, रंग राखेचा झाला. भागाकार करून बेरीज फिटत नाही. बेरजेला वजाबाकीच लागते. प्रत्येकातून ३० काढा, खालून काकांची त्वचा जशीच्या तशी निघते.

एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांसाठी खास ध्यानात ठेवा. वरच्या वर परतणारा उजेड गोऱ्या आणि सावळ्या त्वचेवर साधारण सारखाच असतो, कारण तो रंगद्रव्यापर्यंत पोचतच नाही. पण सावळ्या चेहऱ्यावर खालची रक्कम लहान असते, म्हणून तेवढीच चकाकी जास्त उठून दिसते आणि चुकीचं बर्नही जास्त राखाडी दिसतं. रिटचिंगचे जे तयार प्रीसेट मिळतात ते उन्हातान्हात राबलेल्या चेहऱ्यावर म्हणूनच फसतात.

आता वजाबाकी कशी करायची. फाइलमधले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. पडद्यावर १४९ वाचलं तर तो उजेड पूर्ण पांढऱ्याच्या निम्म्याहून जास्त नसून सुमारे ३० टक्के असतो. म्हणून नेहमीच्या लेयरमध्ये वजाबाकी केली तर हिशोब चुकतो. तो लिनियर उजेडात व्हायला हवा. मी हे काम गिंपमध्ये करतो, कारण तिथे एकेका लेयरला वेगळं लिनियर करता येतं, बाकी फाइलला धक्का लागत नाही.

पण त्याआधी एक पायरी, जी घाईत सुटते. स्टेजच्या मूळ फोटोचा व्हाइट बॅलन्स असा लावा की चकाकी स्वत: पांढरी-राखाडी दिसेल. फ्लॅशचा ठिपका डोळ्याच्या बाहुलीत असतो, तो पांढरा आला की समजा बरोबर आहे. आपण बहुतेक जण उलट करतो: आधी चेहरा ग्रुपच्या पिवळ्या उजेडाशी जुळवतो आणि मग चकाकीमागे लागतो. तोवर चकाकीही पिवळी झालेली असते, तिन्ही रंगांत सारखं वजा करता येत नाही आणि कपाळावर पिवळसर छटा उरते. क्रम असा ठेवा: चकाकी पांढरी करा, ती काढा, मग त्वचेचा रंग जुळवा, शेवटी नवी चकाकी घाला.

फाइल १६ बिटमध्ये उघडा. काकांच्या लेयरवर नवा लेयर घ्या, त्यात १४९, १४९, १४९ हा राखाडी भरा, म्हणजे ३० टक्के उजेड. लेयरचा मोड `Subtract` करा, मग त्यावर राइट क्लिक करून `Blend Space` मध्ये `RGB (linear)` निवडा. पूर्ण चेहरा काळवंडेल, घाबरू नका. आता मास्क लागतो, जो फक्त चकाकीवर पांढरा असेल.

तो मास्क हाताने रंगवत बसू नका, तो फोटोतच आहे. वरचे आकडे परत बघा. चकाकीमुळे लाल ३० चा ६० झाला, म्हणजे दुप्पट. निळा मात्र ९ चा ३९ झाला, चौपटीहून जास्त. म्हणजे चकाकी सगळ्यात स्वच्छ दिसते ती निळ्या चॅनेलमध्ये. काकांच्या लेयरची एक प्रत करा. त्या प्रतीवर, `Colors` मेनूतल्या `Components` मध्ये `Extract Component` आहे, तिथे `RGB Blue` घ्या. काळ्या चेहऱ्यावर कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची टोकं आणि हनुवटी पांढरी उजळलेली दिसतील. `Levels` ने काळा बिंदू वर सरकवत न्या, चकाकी नसलेली त्वचा पूर्ण काळी होईपर्यंत. हीच प्रत मास्कमध्ये चिकटवा.

दोन ठिकाणी हा मास्क फसवतो. निळ्यात पांढरी वस्तूही पांढरीच दिसते, त्यामुळे काकांची पांढरी मिशी, दाढीचे खुंट, डोळ्यांचे पांढरे आणि टोपीची कड हे सगळं चकाकी म्हणून धरलं गेलं. ते काळ्या ब्रशने झाकावं लागलं. मिशी राहिली तर मिशीच काळपट पडते आणि माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो, घरचे लगेच ओळखतात. दुसरं, मास्क मऊ दिसावा म्हणून ब्लर करण्याचा मोह होतो. करू नका. चकाकी त्वचेच्या बारीक उंचवट्यांवर तुटक तुटक असते. मास्क ब्लर केला की मोठा डाग जातो, पण मीठ सांडल्यासारखे पांढरे कण जागच्या जागी राहतात.

लेयरची ओपॅसिटी हळूहळू वाढवा आणि कपाळाची कड बघत राहा. चकाकी आणि साधी त्वचा यांच्यामधली सीमा नाहीशी होईल तिथे थांबा. कड गडद दिसू लागली तर जास्त वजा झालं आहे.

जिथे फोटो जळलेला आहे, लाल २५५ ला अडकला आहे, तिथे ही युक्ती चालणार नाही. खरा लाल २५५ च्या वर गेला होता, तो कापला गेला. वजाबाकी केली की लाल कमी पडतो आणि जागा हिरवट-निळसर होते. काकांच्या नाकाच्या शेंड्यावर वाटाण्याएवढी अशी जागा होती. तिथे खाली काहीच शिल्लक नसतं, त्यामुळे त्याच नाकाच्या बाजूचा चांगला भाग हीलिंगने आणून भरणं एवढाच मार्ग. फोटो रॉमध्ये असेल तर आधी एक्सपोजर खाली आणून बघा, कधी कधी पडद्यावर जळलेलं दिसतं पण फाइलमध्ये जिवंत असतं. आणि व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. दाबलेल्या फाइलमध्ये रंगाचा तपशील आधी जातो आणि निळा चॅनेल चौकोनी ठिगळांचा होतो, म्हणजे आपला मास्कच नासतो.

घामाचे थेंब वेगळे हाताळावे लागतात. तेलाचा थर चकाकी पसरवतो, थेंब मात्र छोटं भिंग असतो. दिव्याच्या बाजूला त्यावर टोकदार ठिपका असतो, थेंबातून वाकून गेलेला उजेड पलीकडच्या कडेला गोळा होऊन तीही बाजू उजळते, आणि थेंबाची बारीक सावलीही पडते. ठिपका वजा केला तरी बाकी दोन खुणा जुन्या दिव्याचीच दिशा सांगत राहतात. म्हणून थेंब दुरुस्त करायच्या नादी लागू नये, एकेक हीलिंगने उचलून टाकावा. काकांच्या कानशिलावर असे अकरा थेंब होते, वीस मिनिटांत गेले.

इथपर्यंत करून मी दुसरी प्रिंट काढली, आणि दुसरी चूक इथे झाली. राखाडी डाग गेला, रंग जुळला, पण काका पावडर लावून उभे राहिल्यासारखे दिसत होते. कारण साधं होतं. बाकी बावीस माणसं मे महिन्याच्या उन्हात तासभर उभी होती, सगळ्यांचे चेहरे चमकत होते. त्यांच्यात एकच चेहरा कोरडा. जुनी चकाकी काढणं हे अर्धं काम. ग्रुपच्या उजेडातली चकाकी परत घालेपर्यंत माणूस त्या जागी उभा राहत नाही.

ती कुठे घालायची? ज्या जागी त्वचेचं तोंड कॅमेरा आणि दिवा यांच्या बरोबर मध्ये वळलेलं असतं, तिथे चकाकी दिसते. फ्लॅश कॅमेऱ्यावरच होता, म्हणून कॅमेऱ्याकडे तोंड असलेली प्रत्येक जागा चमकली होती: कपाळाचा मध्य, नाकाचा शेंडा, हनुवटी. पायऱ्यांवर ऊन जवळजवळ काटकोनात उजवीकडून होतं, म्हणजे चकाकी त्वचा साधारण ४५ अंश उजवीकडे वळते तिथे हवी. ती जागा म्हणजे कपाळाची उजवी बाजू, उजव्या गालफडाचा उंचवटा आणि नाकाच्या दांड्याची उजवी धार. कपाळाचा मध्य कोरडाच. डावा गाल तर सावलीत, तिथे उन्हाची चकाकी असूच शकत नाही.

पण कोन मोजत बसण्यापेक्षा ग्रुपमध्येच साक्षीदार शोधा. ज्याला चेहरा बसवायचा आहे त्याच्याजवळचा, तशाच वळणाने बघणारा, त्याच वयाचा आणि अंगलटीचा माणूस. मला नवरदेवाचे मामा मिळाले, काकांपासून दोन माणसं सोडून. त्यांच्या चेहऱ्यावरून तीन गोष्टी उचलल्या: चकाकीची जागा, तिची रुंदी आणि तिचा रंग.

रंग उचलताना एक घोटाळा होतो. आपण आयड्रॉपर चकाकीवर ठेवतो आणि तोच रंग ब्रशला घेतो. पण तो रंग त्वचा आणि चकाकी यांची बेरीज आहे. तो काकांच्या त्वचेवर घातला तर मामांची त्वचाही सोबत येते आणि गाल तांबूस होतो. फक्त चकाकी हवी तर शेजारची साधी त्वचा वजा करा. मामांच्या गालफडावर चकाकीत उजेड ५८, ३८, २५ होता आणि बोटभर बाजूला ३४, १९, ११. फरक २४, १९, १४. हाच त्या संध्याकाळच्या उन्हाचा रंग. पडद्याच्या आकड्यांत तो १३४, १२१, १०५ होतो, नुसता बघितला तर मातकट वाटतो, पण बेरजेत घातला की ऊन होतो.

काकांच्या चेहऱ्यावर नवा लेयर, त्यात हाच रंग भरलेला, मोड `Addition`, `Blend Space` पुन्हा `RGB (linear)`. मास्क पूर्ण काळा. त्यावर मऊ पांढऱ्या ब्रशने, कमी ओपॅसिटीत, मामांच्या चकाकीचा आकार काढला.

इतकंच केलं तर गालावर व्हॅसलीन फासल्यासारखं दिसतं, कारण ब्रशचा डाग गुळगुळीत असतो आणि त्वचा नसते. रोमछिद्रं चकाकीला खड्डे पाडतात. ते खड्डे काकांच्याच चेहऱ्यातून घ्यायचे. चकाकी काढलेल्या चेहऱ्याची प्रत घ्या, `High Pass` फिल्टर लावा, असा की रोमछिद्रं आणि सुरकुत्या राहतील पण गालाचा गोलवा जाईल. मोठ्या फाइलवर मला तीन-चार पिक्सेल पुरले. ती करडी करून तिचा कॉन्ट्रास्ट चांगला वाढवा आणि आपल्या मास्कमध्ये गुणाकाराने मिसळा. आता जिथे छिद्र तिथे चकाकी तुटते, जिथे उंचवटा तिथे उमटते. या एका पायरीने चिटकवलेपण सगळ्यात जास्त जातं, त्यामुळे वेळ कमी असेल तर बाकी कुठेही वाचवा, इथे नको.

टोपी असेल तर तिच्या कडेखाली बघा. काकांच्या टोपीची सावली कपाळाच्या वरच्या पट्टीवर पडायला हवी होती, आणि सावलीत उन्हाची चकाकी नसते. मी कपाळाच्या उजव्या बाजूचा डाग टोपीच्या कडेपर्यंत नेला होता, तो बोटभर खाली थांबवला. फेट्यालाही हेच लागू.

डोळे शेवटी. काकांच्या दोन्ही बाहुल्यांच्या मधोमध फ्लॅशचा पांढरा ठिपका होता. मामांच्या डोळ्यांत मात्र उजव्या कडेला बारीक पिवळसर ठिपका आणि वरच्या अर्ध्यात आकाशाची मंद उजळी. मधले ठिपके बाहुलीच्या काळ्याने भरले, उजव्या कडेला नवे दिले, दोन्ही डोळ्यांत एकाच जागी. आकार कणभरच, पण बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यांवर जाते, आणि तिथे फ्लॅश राहिला तर गालावरची सगळी मेहनत वाया.

झालं की नाही हे बघायची माझी पद्धत अशी: पूर्ण फोटोचा निळा चॅनेल एकटा लावतो. त्यात रंगाची भूल पडत नाही, फक्त चकाक्या दिसतात. तेवीस चेहऱ्यांवर पांढऱ्या खुणा एकाच बाजूला, सारख्या ताकदीच्या दिसल्या पाहिजेत. एखाद्याच्या कपाळाच्या मध्यावर खूण राहिली असेल किंवा एखादा चेहरा नुसताच काळा असेल, तर तो लगेच सापडतो. मग फोटो आडवा उलटा करून बघतो, अंगठ्याएवढा लहान करून बघतो. मोठ्यावर जे लपतं ते लहानावर ओरडतं.

याची मर्यादाही सांगायला हवी. चकाकी वरची आहे, चेहऱ्यावरची सावली आतली. समोरून फ्लॅश पडलेल्या चेहऱ्याला नाकाची बाजूची सावली नसते, गालाचा डावा भाग सपाट उजळलेला असतो. काकांच्या बाबतीत मला डावी बाजू लिनियरमध्येच, गुणाकाराने, सुमारे एक स्टॉप खाली आणावी लागली. सावली खरोखर गुणाकार असते, म्हणून तिथे तो चालतो. दुसऱ्या ओळीतल्या लहान चेहऱ्याला ते खपून गेलं. पुढच्या ओळीत, नवरदेवाशेजारी मोठा चेहरा असता तर खपलं नसतं, आणि तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. अशा वेळी घरच्यांकडे त्या माणसाचा उन्हातला दुसरा एखादा फोटो मागावा, चार वर्षांपूर्वीच्या शेतातल्या फोटोवरही रात्रीच्या फ्लॅशपेक्षा चांगलं काम होतं. चेहरा आरशासारखा उलटवून उजेडाची बाजू बदलता येते, पण तीळ, भांग आणि सदऱ्याची बटणं उलटी होतात, आणि घरच्या बाईला तीळ कुठे आहे ते पाठ असतं.

आता फोटो काढायला जाणाऱ्या आमच्या पोरांना एकच सांगून ठेवलं आहे. रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याचा फोटो घ्यायचा असेल तर त्याला आधी उपरण्याने तोंड पुसायला सांगा, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला छत्रीत लावा, आणि दुपारच्या ग्रुपमध्ये ऊन ज्या बाजूने होतं त्याच बाजूला तो स्टँड उभा करा. काकांचं जे काम मला साडेतीन तास चाललं, ते मग चाळीस मिनिटांत होतं.

तिसरी प्रिंट मी स्वत: घेऊन गेलो होतो. नवरदेवाच्या आजीने चष्मा लावला, बोट एकेका चेहऱ्यावरून फिरवलं, काकांवर आलं आणि तसंच पुढे गेलं.